मूल झोपेत किंचाळतं तेव्हा: वाईट स्वप्न की नाइट टेरर?

दोन-अडीच वर्षांचं मूल झोपून तास-दीड तास झालेला असतो, घरातली मोठी माणसं अजून जागी असतात आणि आतल्या खोलीतून एकदम किंकाळी येते. आई धावत जाते, तर मूल अंथरुणात ताठ बसलेलं. डोळे टक्क उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती धपापतेय. जवळ घ्यायला गेलं की ते आणखी जोरात ओरडतं, हातपाय झाडतं, आईलाच ढकलून देतं आणि ढकलता ढकलता "आई, आई" म्हणून रडत राहतं. पाच-दहा मिनिटं हा आकांत चालतो. मग अचानक सगळं थांबतं, मूल कूस बदलतं आणि शांत झोपी जातं. सकाळी उठतं तेव्हा रात्रीचा मागमूसही नसतो. आईबाबांचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो.

"काहीतरी वाईट स्वप्न पडलं असेल," असं म्हणून बहुतेक घरांत हा विषय मिटवला जातो. पण हे स्वप्न नव्हतं. मूल जागंही झालेलं नव्हतं. याला नाइट टेरर म्हणतात. वाईट स्वप्न आणि नाइट टेरर बाहेरून सारखेच दिसतात, पण ते झोपेच्या दोन वेगवेगळ्या भागांतून येतात. आईबाबांनी काय करायचं याचं उत्तरही दोन्हींत जवळपास उलटं आहे. वाईट स्वप्नानंतर मुलाला पटकन कुशीत घ्यायचं असतं, तर नाइट टेररमध्ये हात आवरून शेजारी थांबायचं असतं. फरक ठाऊक नसेल तर आपण नेमकं नको तिथे नको ते करतो आणि पाच मिनिटांत शमलं असतं ते पंचवीस मिनिटं लांबतं.

## रात्र दोन भागांत विभागलेली असते

झोप म्हणजे रात्रभर एकसारखी चालणारी अवस्था नाही. झोपलं की आपण हळूहळू गाढ झोपेत उतरतो, काही वेळाने वर येतो, थोडा वेळ स्वप्नांच्या झोपेत घालवतो आणि पुन्हा खाली उतरतो. अशी फेरी मोठ्या माणसात साधारण दीड तासाची असते, लहान मुलात तासाभराच्या आसपास. दोन फेऱ्यांच्या मधे आपण सगळेच क्षणभर अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही.

गाढ झोपेत मेंदूच्या विद्युतलहरी संथ आणि मोठ्या होतात आणि माणसाला उठवणं अवघड जातं. लहान मुलांची गाढ झोप तर इतकी गाढ असते की त्यांना उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं तरी पत्ता लागत नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू बराच सक्रिय असतो, बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि शरीराचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. बुबुळांच्या या हालचालीवरूनच १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी झोपेचा हा प्रकार जगासमोर आणला.

या विषयाची गुरुकिल्ली अशी की, हे दोन प्रकार रात्रभर सारखे वाटलेले नसतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकतो. स्वप्नांच्या झोपेचे मोठे तुकडे पहाटेकडे येतात. नाइट टेरर गाढ झोपेतून उठतो, वाईट स्वप्न स्वप्नांच्या झोपेतून. म्हणून किंकाळी कधी आली, एवढ्यावरूनही बराच उलगडा होतो.

## टेरर चालू असताना मेंदूत काय होत असतं

पहिली फेरी संपत आली की मूल गाढ झोपेतून वर यायला लागतं. बहुतेक वेळा हे निर्विघ्न होतं. कधीकधी मात्र मेंदूचे काही भाग जागे होतात आणि काही झोपलेलेच राहतात. एखाद्या घरात मध्यरात्री दोन-तीन खोल्यांतले दिवे लागावेत आणि बाकी घर अंधारात असावं, तसं. हालचाल, आवाज, भीतीची शारीरिक प्रतिक्रिया यांच्या खोल्या उजळलेल्या असतात. समोरचा माणूस ओळखणं, परिस्थितीचा अर्थ लावणं, घडलेलं आठवणीत साठवणं या खोल्या अंधारात असतात.

एवढं ध्यानात घेतलं की रात्री जे अनाकलनीय वाटतं त्याचा अर्थ लागतो. डोळे उघडे असूनही मूल आईला ओळखत नाही, कारण ओळखणारा भाग झोपलेला आहे. धडधड, घाम, मोठ्या झालेल्या बाहुल्या आणि जोराचा श्वास दिसतो, कारण धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा पुरती कामाला लागलेली आहे. ते आईला ढकलतं, कारण त्याला आई जाणवत नाही, कुणीतरी अडवतंय एवढंच जाणवतं. सकाळी काही आठवत नाही, कारण आठवण मुळात साठवलीच गेलेली नसते.

कॅनडातले संशोधक रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ मध्ये हा विचार स्पष्टपणे मांडला. झोपेत चालणं, नाइट टेरर अशा गोष्टी स्वप्नांतून येत नाहीत, गाढ झोपेतून अर्धवट जागं होताना घडतात, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी यांना तीव्र स्वप्नच समजलं जाई आणि मुलाच्या मनात काय दडलंय याचा शोध घेतला जाई. अजूनही अनेक आईबाबा तो शोध घेत बसतात, म्हणून हे सांगायला हवं.

टेररचा एक सौम्य भाऊही आहे आणि दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांत तो खूप दिसतो. त्यात एकदम किंकाळी येत नाही. मूल आधी कण्हतं, मुसमुसतं, मग रडू लागतं, अंथरुणात लोळतं, "नको, नको" म्हणतं. घाम आणि धडधड कमी असते, पण हे सगळं अर्धा तास किंवा थोडं जास्तही चालू शकतं. तेही अर्धवट जागेपणच आहे आणि त्याला वागणूकही तीच द्यायची.

## वाईट स्वप्नात मूल खरंच जागं होतं

वाईट स्वप्नाची गोष्ट वेगळी. स्वप्न चालू असताना मूल सहसा शांतच असतं, कारण स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल असतात. रडू येतं ते जागं झाल्यावर. म्हणजे आपण जे ऐकतो ते स्वप्न संपल्यानंतरचं रडणं असतं. तोवर मूल पूर्ण जागं झालेलं असतं, आईला ओळखतं, हात पुढे करतं, गळ्याला मिठी मारतं आणि सोडत नाही. बोलता येत असेल तर "भूभू आला" किंवा "पडलो" असं काही सांगतं. परत झोपायला मात्र घाबरतं आणि त्याला झोप लागायला वेळ लागतो.

इतक्या लहान मुलाला स्वप्न आणि खरं यातला भेद कळत नसतो. त्याच्या दृष्टीने तो कुत्रा खोलीत आलाच होता. "अरे, ते स्वप्न होतं, खरं नव्हतं," हे वाक्य आपल्याला दिलासा देणारं वाटतं, दोन वर्षांच्या मुलाला त्यातून फारसं काही मिळत नाही. त्याला आपला आवाज आणि स्पर्श मिळतो, आणि तो पुरेसा असतो.

## मूल सांगू शकत नाही, मग ओळखायचं कसं

अडीच वर्षांच्या मुलाला "स्वप्न पडलं का?" विचारून उपयोग नाही. ते "हो" म्हणेल, आणि "हत्ती आला होता का?" विचारलंत तरी "हो"च म्हणेल. त्यापेक्षा घड्याळ आणि मुलाचं वागणं बघा.

वेळ मोजायची ती मूल झोपल्यापासून. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले याला फारसा अर्थ नाही. रात्री आठला झोपलेल्या मुलाचा साडेनऊचा आकांत आणि अकराला झोपलेल्या मुलाचा साडेबाराचा आकांत एकाच जातीचा. झोपल्यापासून एक ते तीन तासांत आलेला बहुधा टेरर असतो. रात्र निम्मी उलटून गेल्यावर किंवा पहाटे आलेलं रडणं बहुधा वाईट स्वप्नाचं.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे तुम्ही जवळ गेल्यावर काय होतं. तुमच्या येण्याने मूल शांत होऊ लागलं, बिलगलं, तर ते जागं आहे. तुमच्या येण्याचा काहीच परिणाम झाला नाही, नजर तुमच्यातून आरपार गेली किंवा जवळ घेतल्यावर प्रकार वाढला, तर ते झोपलेलं आहे. माझ्या मते फक्त एकच गोष्ट बघायची झाली तर हीच बघावी, कारण वेळ कधीकधी फसवते. दिवसभर खूप दमलेल्या किंवा तापातून उठलेल्या मुलाला गाढ झोप रात्री उशिरापर्यंतही येते, आणि दुपारच्या लांब झोपेतूनही टेरर येऊ शकतो.

## टेररमध्ये हात आवरणं का गरजेचं आहे

मूल किंचाळत असताना नुसतं शेजारी बसून राहणं कुठल्याही आईबापाला जमण्यासारखं वाटत नाही. सगळं अंग सांगत असतं की उचल, हलव, जागं कर. पण मूल गाढ झोपेत आहे आणि तिथून त्याला ओढून काढणं अवघड आहे. गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं, मोठ्याने हाका मारल्या, दिवा लावला की ते पूर्ण जागं न होता आणखी गोंधळतं आणि प्रकार लांबतो. आणि समजा जागं झालंच, तर डोळे उघडल्यावर त्याला घाबरलेले चेहरे आणि आरडाओरडा दिसतो. ज्याला कसलीच भीती आठवणार नव्हती त्याला आता घाबरायला कारण मिळतं.

मग करायचं काय? आधी आजूबाजू मोकळी करा. पलंगाची कड, उघडा जिना, टोकदार कोपरा, काचेची वस्तू यांच्यापासून मूल दूर राहील असं बघा. ते उठून चालू लागलं तर हात न धरता पुढे उभं राहून अंथरुणाकडे हळूच वळवा. उशी मधे सारून धक्का लागणार नाही एवढं करा. दिवा मंदच ठेवा. बोलायचंच असेल तर हळू आवाजात, एकसुरात, तीच दोन-तीन वाक्यं: "मी इथे आहे. झोप बाळा." स्पर्शाने मूल शांत होत असेल तर पाठीवर हात ठेवा. काही मुलांना तो चालतो. स्पर्शाने झटका बसत असेल तर हात काढून घ्या. मोबाइलवर वेळ बघा. अशा वेळी दोन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात, आणि प्रत्यक्षात किती वेळ गेला हे पुढे डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं.

आकांत ओसरला की मूल सहसा आपणहून आडवं होतं. तेव्हाही "काय झालं रे?" म्हणून उठवू नका. सकाळी तर हा विषयच काढू नका. "काल रात्री तू किती ओरडलास!" हे ऐकल्यावर मुलाला एवढंच कळतं की झोपेत आपल्याला काहीतरी भयंकर होतं, आणि पुढच्या रात्री ते झोपायलाच घाबरतं. मोठ्या भावंडांनाही हे समजावून सांगा, कारण सकाळी नक्कल करून दाखवणारी तीच असतात.

## वाईट स्वप्नात मात्र उशीर नको

इथे उलट वागायचं. रडणं ऐकू आलं की लगेच जा, जवळ घ्या, "तू घाबरलास ना? मी आलोय," एवढं म्हणा. सांगू पाहत असेल तर ऐकून घ्या, पण मध्यरात्री खोदून खोदून विचारू नका, तपशील वाढवत नेले की भीतीही वाढते. आवडतं खेळणं हातात द्या, मंद दिवा राहू द्या आणि डोळे मिटेपर्यंत बसा. शक्यतो त्याच्याच अंथरुणात झोपवा, म्हणजे ती जागा सुरक्षित आहे हे त्याला कळतं.

पलंगाखाली राक्षस शोधायला मोठी शोधमोहीम काढणं मला पटत नाही. एकदा डोकावून "काही नाही" म्हटलं तर ठीक. पण रोज बाबा टॉर्च घेऊन राक्षस शोधू लागले, तर मुलाला वाटतं की राक्षस असूही शकतो.

खरं काम दिवसा होतं. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वप्नातला कुत्रा कागदावर रेघोट्यांनी काढू द्या आणि मग विचारा, "आता हा काय करेल?" मूल त्याला शेपूट हलवायला लावतं, झोपवतं, कधी घराबाहेर पाठवून देतं. गोष्टीचा शेवट त्याच्या हातात आला की भीती उतरते. संध्याकाळनंतर पडद्यावर काय चालू असतं तेही बघा. मोठ्यांची मालिका "त्याला कुठे कळतंय" म्हणून चालू ठेवली जाते, पण मुलाला कथा कळत नसली तरी किंचाळणं, मारामारी आणि रागावलेले चेहरे कळतात.

## "पण मुलाच्या मनात काही खुपत असेल तर? आमचं काही चुकलं का?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येक आईबाबांना पडतो. वारंवार वाईट स्वप्नं पडत असतील तर दिवसातल्या ताणाचा विचार जरूर करावा: नवं पाळणाघर, नवं भावंड, आजारपण, घरातली भांडणं. नाइट टेररमध्ये मात्र मुख्य धागा आनुवंशिकतेचा आणि वाढत्या मेंदूच्या गाढ झोपेचा आहे.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात मुलांचा जन्मापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांत आईबाबांनी नाइट टेररची नोंद केली होती. पाचव्या वर्षापर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं आणि तेराव्या वर्षी ५ टक्क्यांवर. म्हणजे हे दुर्मिळ नाही, आणि बहुतेकांत वयाबरोबर ओसरतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत आईबाबांपैकी कुणालाच लहानपणी झोपेत चालण्याची सवय नव्हती, तिथल्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के झोपेत चालली. एकाला सवय असेल तर ४७ टक्के आणि दोघांनाही असेल तर ६१ टक्के. झोपेत चालणं आणि नाइट टेरर एकाच मुळातून येतात, तेव्हा आजीला विचारून बघा, बाबा लहानपणी रात्री उठून चालायचे का. उत्तर बऱ्याचदा "हो" येतं आणि आईच्या मनावरचं ओझं कमी होतं.

आनुवंशिकता जमीन तयार करते, ठिणगी मात्र रोजच्या गोष्टींतून पडते. सगळ्यात मोठी ठिणगी म्हणजे अपुरी झोप. झोप कमी पडली की मेंदू पुढच्या रात्री गाढ झोपेत जास्त खोल उतरतो, आणि तिथून वर येताना अडखळण्याची शक्यता वाढते. त्याशिवाय ताप, भरलेलं मूत्राशय, नवी जागा, अचानक झालेला आवाज आणि काही औषधंही कारण ठरतात.

## एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, पावणेतीन वर्षांची मुलगी आहे. आधी ती दुपारी दीड तास झोपायची आणि रात्री नऊ ते सात, म्हणजे दिवसाची साडेअकरा तास झोप. मग खेळगट सुरू झाला. सकाळी साडेसहाला उठावं लागतं, दुपारची झोप सुटली आणि संध्याकाळची धावपळ वाढल्यामुळे डोळे मिटायला साडेनऊ होतात. आता एकूण झोप नऊ तास. अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३ तास. म्हणजे या मुलीला रोज किमान एक तास, बहुधा दोन तास कमी पडतायत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या किंकाळ्या सुरू होतात आणि आईला वाटतं, खेळगटात कुणी घाबरवलं. तो प्रश्न बाईंना विचारण्यात काही गैर नाही, पण आधी झोपेचा हिशेब मांडा.

आठवडाभर एका वहीत लिहायचं: डोळे कधी मिटले, किंकाळी कधी आली, किती वेळ चालली, तुम्हाला ओळखलं का, सकाळी कधी उठली. वहीत दिसतं की चार रात्री प्रकार झाला आणि तो दहा वाजून चाळीस मिनिटं ते अकरा वाजून पाच मिनिटं या वेळात, म्हणजे झोपल्यापासून ७० ते ९५ मिनिटांनी. ओळखलं एकदाही नाही. हा टेररचा अगदी ठसठशीत नमुना झाला.

पहिला उपाय झोप वाढवण्याचा. झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत रात्री आठवर आणायची. एकदम दीड तास अलीकडे आणली तर मूल अंथरुणात नुसतं लोळत राहतं. जमत असेल त्या दिवशी दुपारी तासभर झोपवायचं, पण फार उशिरा नाही, नाहीतर रात्री झोप लागायला उशीर होतो. सुट्टीच्या दिवशीही उठण्या-झोपण्याची वेळ फार हलवायची नाही. बऱ्याच मुलांत दोन-तीन आठवडे एवढं केल्यावर किंकाळ्या विरळ होतात आणि पुढच्या पायरीची गरज पडत नाही.

ती पडली, तर ठरवून उठवण्याचा उपाय आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ब्रायन लास्क यांनी तो १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. टेरर रोज जवळपास ठरावीक वेळी येत असेल तर त्याच्या साधारण पंधरा मिनिटं आधी मुलाला हलकेच उठवायचं. आपल्या उदाहरणात मुलगी आता आठला झोपते, म्हणजे टेररची वेळ नऊ दहा ते नऊ पस्तीसच्या दरम्यान येणार. मग नऊला पाच कमी असताना जाऊन खांद्यावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, डोळे किलकिले करून ती काहीतरी पुटपुटली की पुरे. उठवून बसवायचं नाही, गप्पा नाहीत. लगेच झोपू द्यायचं. त्यामुळे ती गाढ झोप मधेच मोडते आणि मेंदू अडखळण्याची वेळ टळते. हे रोज, दोन ते चार आठवडे न चुकता करायचं आणि मग थांबवून बघायचं.

याच्याही मर्यादा आहेत. टेररची वेळ अनियमित असेल किंवा महिन्यातून एखादाच येत असेल, तर रोज उठवण्यात अर्थ नाही. उठवतानाच टेरर सुरू झाला तर आपण उशिरा गेलो असं समजून दुसऱ्या दिवशी आणखी दहा मिनिटं आधी जायचं. आणि मूळ झोपच अपुरी असताना हा उपाय आधी करू नका, कारण उठवण्याने ती आणखी तुटते आणि टेरर वाढू शकतात.

## "आपोआप जातं म्हणता, मग डॉक्टर कशाला?"

बहुतेकांना लागत नाहीत. पण काही खुणा दिसल्या तर थांबू नये.

एक म्हणजे घोरणं. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, श्वास मधेच थांबल्यासारखा वाटून मग जोरात सुरू होत असेल, तर वाढलेल्या टॉन्सिलमुळे किंवा नाकाच्या मागे असलेल्या अ‍ॅडिनॉइड या गाठीमुळे झोपेत श्वासाला अडथळा येत असू शकतो. हा अडथळा मुलाला गाढ झोपेतून वारंवार अर्धवट उठवतो. अशा मुलांत श्वासाचा मार्ग मोकळा झाल्यावर टेररही थांबलेले दिसले आहेत. झोपेत पाय सतत झाडणाऱ्या, संध्याकाळी पाय स्वस्थ न ठेवणाऱ्या मुलाच्या शरीरातलं लोह तपासून घेणंही योग्य, कारण लोहाच्या कमतरतेमुळे पायांची ही अस्वस्थता वाढते आणि झोप मोडते.

दुसरी शंका फिटची. काही प्रकारच्या फिट फक्त झोपेतच येतात आणि टेररसारख्या दिसू शकतात. फरक असा की त्या बहुधा दोन मिनिटांच्या आत संपतात, एका रात्रीत अनेकदा येऊ शकतात, रात्रीच्या कुठल्याही वेळी येतात आणि प्रत्येक वेळी हालचाल अगदी तशीच्या तशी असते: तोच हात वर, तीच मान वळलेली, तेच पाय मारणं. टेररमध्ये दर वेळी थोडा वेगळा गोंधळ असतो. अंग ताठ होणं, एका लयीत झटके, लाळ गळणं, ओठ निळे पडणं, दिवसाही असं काही होणं यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

मुलाला इजा होत असेल, आठवड्यात बऱ्याच रात्री प्रकार होत असेल, दिवसा मूल पेंगत असेल किंवा वाईट स्वप्नांमुळे झोपायलाच नकार देत असेल, तरीही एकदा दाखवलेलं बरं. औषधाची गरज टेररमध्ये क्वचितच पडते आणि पडलीच तर ते डॉक्टरांनीच ठरवायचं. "गुंगी येईल आणि झोपेल" म्हणून घरात पडलेलं सर्दीचं किंवा अ‍ॅलर्जीचं औषध देऊ नका. गुंगीच्या काही औषधांनी टेरर उलट वाढू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्या: ती आठवड्याची वही आणि मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण. शब्दांत वर्णन करताना घाबरलेला माणूस वेळ वाढवून सांगतो आणि हालचाली विसरतो. चित्रीकरणात मुलाचा चेहरा आणि दोन्ही हातपाय दिसायला हवेत आणि ते प्रकार सुरू झाल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू केलेलं हवं, कारण फिट आहे की टेरर हे डॉक्टरांना सुरुवातीच्या काही सेकंदांवरून सगळ्यात चांगलं ओळखता येतं. टेररची वेळ वहीतून ठाऊक झालेली असेल, तर त्या सुमाराला फोन अंथरुणासमोर टेकवून आधीच चालू ठेवा.